वरिष्ठ अधिकाऱ्यांना राजीनाम्याचे पत्र लिहिताना : आदर कुठे आणि ठामपणा कुठे

आस्थापना शाखेत असताना कितीतरी राजीनामे माझ्या टेबलावरून पुढे गेले आणि त्यांतले बरेचसे दुरुस्तीसाठी परतही पाठवावे लागले. उद्धट म्हणून परत गेलेले पत्र मला क्वचितच आठवते. परत जाणाऱ्या पत्रांत आदर इतका दाटलेला असे की अर्जदाराला नोकरी सोडायची आहे की नुसती व्यथा मांडायची आहे, हेच कळत नसे. किंवा कुठून तरी उतरवलेल्या नमुन्यातली वाक्ये वरिष्ठाने कनिष्ठाला लिहावीत तशी असत. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो. पंचायत समितीतील एक कनिष्ठ सहायक बाई जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना राजीनामा लिहीत आहेत, असे समजा.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी 'राजीनामा' हाच शब्द आपल्याला हवा आहे का, ते ठरवा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ प्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. शासनाच्याच दुसऱ्या पदावर रीतसर परवानगीने जाणाऱ्याला ही अडचण येत नाही, पण तसे जात असल्यास राजीनामा त्या नियुक्तीसाठी आहे हे पत्रात स्पष्ट लिहावे लागते. ज्यांची अर्हताकारी सेवा २० वर्षे झाली आहे, त्यांनी 'स्वेच्छानिवृत्ती' या शब्दाचा आधी विचार करावा. 'सेवानिवृत्तीपर राजीनामा' अशी खिचडी मी स्वतः वाचली आहे, आणि ती निस्तरताना अर्जदाराचे फार हाल झाले.

वरचा भाग सोपा आहे. पत्र नियुक्ती प्राधिकाऱ्यांना लिहावे आणि आपल्या कार्यालयप्रमुखांमार्फत पाठवावे. पदनामाआधी 'मा.' एकदाच येतो. 'सन्माननीय आदरणीय मा.' अशी रांग लावल्याने मान वाढत नाही. 'ना.' हे मंत्र्यांसाठी असते, अधिकाऱ्यांना लावू नये. 'साहेब' बोलताना शोभते, पण लिहिताना पदनाम पुरेसे होते. वर 'प्रति' लिहिले असेल तर खाली 'यांचे सेवेशी' लिहू नये, दोहोंपैकी एकच घ्यावे. शक्यतो अधिकाऱ्यांचे नाव न लिहिता पदनामच लिहावे, कारण पत्र मार्गात असताना त्यांची बदली झाली तरी पदाला लिहिलेले पत्र अडत नाही. पदावर महिला अधिकारी असतील तर संबोधन 'महोदया' हवे. नाव लिहिण्याची वेळ आलीच तर 'श्रीमती' लिहावे. 'सौ.' लिहिल्याने अधिकाऱ्यांच्या पदाशी संबंध नसलेली त्यांची वैवाहिक स्थिती पत्रात येते.

आता मुख्य मजकूर. मी स्वतः इथेच फसलो होतो, म्हणून इथे थांबून सांगतो.

तरुणपणी मला दुसऱ्या कार्यालयात नेमणूक मिळाली, तेव्हा मी असे लिहिले होते : 'मला सदर पदावरून मुक्त होण्याची इच्छा असून, तरी आपण योग्य तो निर्णय घ्यावा.' मला ते अतिशय नम्र वाटले होते. तीन आठवड्यांनी धारिका परत आली आणि तिच्यावर शेरा होता, 'अर्जदाराचा नेमका आशय स्पष्ट होत नाही. खुलासा घ्यावा.' शेरा बरोबरच होता. 'इच्छा आहे' म्हणजे राजीनामा नव्हे, आणि 'योग्य तो निर्णय घ्यावा' या वाक्याने मी माझा निर्णय त्यांच्या गळ्यात टाकला होता. नव्या जागी हजर होण्याची मुदत हुकता हुकता राहिली. 'राजीनामा देऊ इच्छितो', 'देण्याचा विचार आहे', 'द्यावा असे वाटते' ही सगळी वाक्ये त्याच घरची. क्रियापद वर्तमानकाळी आणि निश्चित हवे : 'मी राजीनामा देत आहे.' या वाक्यात उद्धटपणा कणभरही नाही. आदर पुढच्या वाक्यात येतो, कारण राजीनामा देणे तुमच्या हाती आहे आणि तो स्वीकारणे अधिकाऱ्यांच्या हाती. म्हणून 'देत आहे' ठाम ठेवावे आणि 'स्वीकारण्यात यावा' हे विनंतीच्या स्वरूपात लिहावे. या दोन वाक्यांची गल्लत करू नका, एवढाच माझा आग्रह आहे. 'बदली झाली नाही तर हा राजीनामा समजावा' अशी अट तर चुकूनही घालू नये, कारण अटीवर टांगलेला राजीनामा मंजूर कसा करायचा हा प्रश्न आस्थापनेला पडतो. तक्रार असेल तर तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा.

दुसरा खड्डा 'आपण' या शब्दाचा आहे. अधिकाऱ्यांना 'आपण' म्हणायचे हे सर्वांना ठाऊक असते, पण मराठीत 'आपला' हा शब्द 'तुमचा' या आदरार्थी अर्थानेही येतो, 'स्वतःचा' या अर्थानेही येतो आणि 'आपणा सर्वांचा' या अर्थानेही येतो. त्यामुळे 'मी आपल्या पदाचा राजीनामा देत आहे' हे वाक्य व्याकरणाने चालले तरी, ज्या पत्रात अधिकाऱ्यांना 'आपण' म्हटले आहे तिथे ते साहेबांच्या पदाचा राजीनामा दिल्यासारखे वाचले जाते. हे वाक्य मी किमान दहा पत्रांत पाहिले आहे. स्वतःच्या गोष्टीसाठी 'माझा, माझी, माझे' हेच शब्द वापरावेत आणि 'आपला' पूर्णपणे अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवावा. 'आपल्या कार्यालयात आपण सर्वांनी' असे लिहू नये, 'आपल्या अधिनस्त कार्यालयात मी व माझ्या सहकाऱ्यांनी' असे लिहावे. एकदा 'आपण' धरला की शेवटपर्यंत तोच ठेवावा. पहिल्या परिच्छेदात 'आपण' आणि तिसऱ्यात 'तुम्ही' आले की पत्र दोघांनी मिळून लिहिल्यासारखे दिसते. क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. 'आपण मार्गदर्शन केलेत' हे बोलण्यात ठीक आहे, लिहिताना 'आपण मार्गदर्शन केले' हे बरे.

तिसरी गोष्ट दिशेची. कार्यालयीन मराठीत काही शब्द वरून खाली जातात आणि काही खालून वर. 'आपणांस कळविण्यात येते की', 'सूचित करण्यात येते', 'याची नोंद घ्यावी', 'तात्काळ कार्यवाही करावी' हे वरून खाली येणारे शब्द आहेत. कर्मचाऱ्याने ते वरिष्ठांना लिहिले की शिष्टाचार मोडतो, मग मागे-पुढे कितीही 'कृपया' लावले तरी उपयोग होत नाही. खालून वर जाताना 'सादर करतो', 'सविनय सादर', 'विनंती आहे' हे शब्द येतात. उपकारांच्या बाबतीतही हीच दिशा पाळावी लागते. वरिष्ठांकडून 'मार्गदर्शन लाभले' असे लिहितात आणि सहकाऱ्यांकडून 'सहकार्य मिळाले' असे. 'साहेब, आपण मला चांगले सहकार्य केले' हे भावनेने खरे असले तरी त्यात वरिष्ठ बरोबरीचे होऊन बसतात. 'स्वीकारा' हे आज्ञार्थी रूप टाळावे. 'स्वीकारावा' चालते, पण 'स्वीकारण्यात यावा' अधिक बरे, कारण त्यात कर्ता पडद्याआड राहतो आणि आज्ञेचा भास होत नाही.

हे सगळे धरून त्या कनिष्ठ सहायक बाईंचे पत्र असे होईल :

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सातारा.

मार्फत : मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, वाई.

विषय : कनिष्ठ सहायक पदाचा राजीनामा सादर करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी पंचायत समिती, वाई येथे कनिष्ठ सहायक या पदावर दिनांक ४ जुलै २०१६ पासून कार्यरत आहे. कौटुंबिक कारणास्तव मी माझ्या या पदाचा राजीनामा देत आहे. हा राजीनामा दिनांक ३० एप्रिल २०२६ रोजी कार्यालयीन वेळ संपल्यापासून स्वीकारण्यात यावा व त्या दिनांकास मला कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती.

माझ्याकडील कार्यभार आपण निश्चित कराल त्या कर्मचाऱ्याकडे सोपविण्यास मी तयार आहे. सेवाकाळात आपले मार्गदर्शन लाभले व सहकाऱ्यांचे सहकार्य मिळाले, याबद्दल मी ऋणी आहे.

आपली विश्वासू,

(सही, नाव, पदनाम, दिनांक)

या पत्रात कारण दोन शब्दांत संपले आहे, ते मुद्दाम. आजारपण, मुलांच्या शाळा, घरचे वाद यांचे पानभर वर्णन केले की वाचणाऱ्याला त्यावर मत द्यावेसे वाटते, आणि तुम्ही मत मागितलेले नसते. तारीख मात्र पूर्ण लिहावी. 'लवकरात लवकर' किंवा 'पुढील महिन्यात' असे लिहिल्यास नोटीस कालावधी कधीपासून मोजायचा हा घोळ होतो. कालावधी किती, हे आपल्या नियुक्ती आदेशात पाहून तारीख त्याप्रमाणे काढावी.

सहीच्या जागी लिहिणारा पुरुष असेल तर 'आपला विश्वासू', स्त्री असेल तर 'आपली विश्वासू'. 'आज्ञाधारक' जुन्या वळणाचा शब्द आहे, चुकीचा नाही, पण मी तो घालत नाही. स्वतःच्या नावाआधी 'श्री.' किंवा 'श्रीमती' लिहू नये, ते दुसऱ्याने आपल्याला लावायचे असते. ही चूक अगदी अधिकारीवर्गाच्या पत्रांतही दिसते, आणि बाकी सुंदर लिहिलेल्या पत्रात ती डोळ्यांना लगेच खुपते.

खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकांसाठी चौकट थोडी वेगळी आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ च्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही व दिनांक घालायचा, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तिथे 'मा. अध्यक्ष' किंवा 'मा. सचिव' असे संस्थेच्या व्यवस्थापनाला लिहावे आणि मुख्याध्यापकांना त्याची प्रत माहितीस्तव सविनय सादर करावी. मजकुराचे वाक्य मात्र वरचेच.

पत्र आवक शाखेत देताना स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावा. 'साहेबांच्या टेबलावर ठेवतो' असे कोणी म्हणाले तरी ती पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नये.