सिंचन विहिरीच्या पीपीटीतून तपासणी यादी

रोहयोच्या सिंचन विहिरीची पीपीटी आमच्या बीडकडच्या गावात दाखवली, पण पात्रता एका स्लाइडवर आणि कागदपत्रं भलतीकडेच. लोक फाईल करून आणायचे अन् अटीत अडकायचे. मग मी प्रत्येक अटीचा हो-नाही प्रश्न केला आणि त्यासमोरच पुराव्याचा कागद लिहिला.

सलग ०.४० हेक्टर जमीन आहे का? सातबारा, आठ-अ. सातबाऱ्यावर आधीच विहिरीची नोंद आहे का? असेल तर इथंच थांबा. जॉबकार्ड आहे का?

दोन भावांचं शेजारी शेजारी ०.२५ आणि ०.२२ हेक्टर होतं. एकेकटे दोघंही अपात्र. सामुदायिक विहिरीसाठी मात्र ०.४७ भरलं, त्यांच्या यादीत सलग जमिनीचा पंचनामा आणि पाणीवाटपाचं करारपत्र वाढवलं.