कॉल रेकॉर्डिंगचं ट्रान्स्क्रिप्ट बिघडतंय? आधी या चुका टाळा

स्टुडिओतलं बोलणं नीट उतरतं आणि फोनवरचं का नाही, हा प्रश्न मला सारखा येतो. साध्या फोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जातो, सेकंदाला 8000 सॅम्पल. आपला 'स' मात्र मुख्यतः 4000 हर्ट्झच्या वर सळसळतो, म्हणजे त्याचा बराचसा भाग रेकॉर्ड होण्याआधीच गेलेला असतो, उरते ती बारीकशी फुसफुस.

म्हणून फाइल सेकंदाला 16000 सॅम्पलला कन्व्हर्ट करून क्वालिटी वाढली असं समजू नका. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडून बघा, 4000 हर्ट्झच्या वर काळंच दिसेल. ट्रान्स्क्राइब करणाऱ्या मॉडेलला 16000 लागत असेल तर शेवटी एकदाच कन्व्हर्ट करा, आणि 8000 वर शिकवलेलं टेलिफोनी मॉडेल मिळत असेल तर आधी ते वापरून बघा.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑर्डरचे कॉल होते, ट्रान्स्क्रिप्टमध्ये "आठ पोती" आलं, प्रत्यक्षात शेतकरी "साठ पोती" म्हणाला होता, आणि गाडी लहान पाठवली गेली. मी मूळ फाइल मागवली तर ती स्टिरिओ, एका बाजूला ऑफिसचा माणूस, दुसऱ्या बाजूला शेतकरी. घाईत कुणीतरी दोन्ही मिसळून मोनो केलं होतं, त्यामुळे ऑफिसवाल्याचं "हं हं" नेमकं त्या शब्दावर बसलं. वर नॉइज रिडक्शनही जोरात लावलेलं, आणि त्याला 'स'ची उरलेली फुसफुस लाइनच्या खरखरीसारखीच वाटते, म्हणून तीही पुसली गेली. मी दोन्ही बाजू वेगळ्या केल्या, नॉइज रिडक्शन काढलं, आणि "साठ" आलं.

मी आता कुठलीही फाइल आली की आधी `ffprobe call.wav` करून चॅनल आणि सॅम्पल रेट बघते, 2 चॅनल दिसले की दोन्ही थोडे ऐकते (कधीकधी दोन्हीकडे तोच आवाज असतो, मग एकच ठेवायचा), नाहीतर लगेच वेगळे करते:

```
ffmpeg -i call.wav -filter_complex "channelsplit=channel_layout=stereo[L][R]" -map "[L]" left.wav -map "[R]" right.wav
```

दोन मिनिटांचं काम आहे, पण नवीन मुलांना थेट ट्रान्स्क्राइबचं बटण दाबायचं असतं, त्याचा मला खरंच राग येतो.

जागा वाचवायला एमपी3 करू नका, फोनने आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो.

होल्डची ट्यून कापून टाका, नाहीतर मॉडेल त्यातूनही शब्द काढतं.

एवढं करूनही एकाच माइकवर दोघं एकदम बोलले असतील तर ते वेगळं होत नाही. आणि आकडे, गावांची नावं, आडनावं मी मूळ कॉल हेडफोनवर ऐकूनच तपासते, साठ-आठसारख्या जोड्या तर दोनदा.