फोटोतली श्रेणी: आधी नीट वाचा, मग कसोटी लावा

पहिल्या वर्षाची मुलं मला अनंत श्रेणीचे प्रश्न पाठवतात ते बहुतेक वेळा स्वाध्यायाच्या पानाचा फोटो काढूनच. खाली एक ओळ असते: "ताई, गुणोत्तर कसोटी लावू की तुलना?" उत्तर देण्याआधी मी फोटोतलं सामान्य पद, म्हणजे nवं पद, स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून घेते. वेळखाऊ वाटेल, पण श्रेणी अभिसारी की अपसारी हे कधीकधी एका बारीक खुणेवर ठरतं, आणि फोटोत नेमकी तीच खूण आधी पुसट होते.

अलीकडे आलेलं एक गणित घेऊ. पानाच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ, कागद वळलेला होता तिथे ही श्रेणी छापलेली होती:

Σ 2^n · n! / n^n, n = 1 पासून

मुलीचा निरोप असा होता: "ताई, माझं गुणोत्तर 2 येतंय, म्हणजे अपसारी. पण मागे उत्तर अभिसारी दिलंय. छपाईची चूक आहे का?"

आता फोटोत काय काय शंकास्पद होतं ते पाहा. पहिला आकडा 2 की 3, हे सावलीमुळे स्पष्ट नव्हतं. वरचा n खरंच घात आहे की ते नुसतं 2n आहे, हेही वळलेल्या कागदामुळे सांगता येत नव्हतं. शिवाय उद्गारचिन्हाखालचा ठिपका गेला होता. फोटो स्कॅन करताना कृष्णधवल फिल्टर लावला की असे फिके ठिपके आधी गळतात आणि n! चं n1 होतं. अशा वेळी रंगीत, मूळ फोटोच बरा. पान सपाट दाबून, कॅमेरा बरोबर वरून धरून काढलेला. आणि एकटं गणित कापून पाठवू नका. वरची सूचना आणि Σ च्या खालची n ची सुरुवात दोन्ही फोटोत यायला हवीत. सुरुवात 0 पासून की 1 पासून, याने अभिसरण बदलत नाही, पण n = 0 ला छेदच शून्य होत असेल तर आपण पद चुकीचं वाचलंय हे तिथेच कळतं.

पद बरोबर वाचलंय का, हे तपासायला मी n च्या जागी 1, 2, 3 टाकून बघते. पुस्तकात श्रेणी पदं सुटी करून दिली असेल तर ती लगेच जुळवता येतात. मात्र इथे एक गंमत आहे. 2^n · n!/n^n ची पहिली दोन पदं 2 आणि 2. 2n · n!/n^n चीही पहिली दोन पदं 2 आणि 2! फरक तिसऱ्या पदात दिसतो: एकीकडे 48/27, दुसरीकडे 36/27. म्हणून दोन पदं जुळली म्हणून थांबू नका, तिसरंही काढा.

फोटो पुन्हा मागवला, तो 2^n च निघाला. आता गुणोत्तर. फॅक्टोरियल आणि घात दोन्ही दिसले की गुणोत्तर कसोटी हीच पहिली निवड, कारण भागाकारात बहुतेक सगळं कटून जातं. पुढच्या पदात n च्या जागी n+1 लिहायचं, आणि तेही प्रत्येक जागी. छेदातल्या n^n मध्ये पाया आणि घातांक दोन्ही बदलतात, (n+1)^(n+1) होतं. इथे घाईत एकच बदलणारे बरेच भेटतात.

a(n+1)/a(n) = [2^(n+1) · (n+1)! / (n+1)^(n+1)] · [n^n / (2^n · n!)]

2^(n+1) ला 2^n ने भागलं की 2 उरतो. (n+1)! ला n! ने भागलं की n+1 उरतो, आणि तो खालच्या (n+1)^(n+1) मधला एक घात खातो. राहतं ते एवढं:

2 · n^n / (n+1)^n = 2 · (n/(n+1))^n = 2 / (1 + 1/n)^n

मुलीने इथपर्यंत सगळं बरोबर केलं होतं. पुढच्या पायरीत तिने म्हटलं, n/(n+1) ची सीमा 1, आणि 1 चा कुठलाही घात 1, म्हणून उत्तर 2. पण घातांकही n बरोबर वाढतोय. आतला अपूर्णांक 1 कडे जाताना बाहेरचा घात अनंताकडे जातो. अशा वेळी आतली सीमा आधी घेऊन घात नंतर चढवता येत नाही. (1 + 1/n)^n ची सीमा e आहे, साधारण 2.718. म्हणून गुणोत्तराची सीमा 2/e, म्हणजे सुमारे 0.736. एकपेक्षा कमी, श्रेणी अभिसारी. छपाई बरोबर होती.

अशी शंका आली तर दोन पदं खरोखर काढून बघावीत. चौथं पद 16 × 24 / 256 = 1.5, पाचवं 32 × 120 / 3125 = 1.2288. त्यांचं गुणोत्तर 0.8192. सीमा 2 असती तर पदं एव्हाना दुपटीच्या आसपास वाढताना दिसली असती. ती कमी होताहेत. हा पुरावा नव्हे, उत्तरपत्रिकेत लिहायचाही नाही, पण बीजगणितात कुठेतरी घसरलोय हे सांगायला पुरेसा आहे.

आणि तोच आकडा 3 असता तर? बाकी काहीही न बदलता सीमा 3/e, सुमारे 1.104. श्रेणी अपसारी. पदं 3, 4.5, 6, 7.59 अशी चढत जातात. छापील 2 आणि 3 यांतला फरक फोटोत किती असतो तेवढ्यावर सगळं उत्तर उलटं. घातांक खाली उतरून 2n झाला असता तर मात्र सीमा 1/e आली असती आणि श्रेणी अभिसारीच राहिली असती. म्हणजे चुकीचं वाचूनही उत्तर बरोबर, गुण मात्र गेलेले.

त्याच पानावरचं पुढचं गणित तुलना कसोटीचं होतं, आणि तिथे खोड वर्गमुळाच्या आडव्या रेघेत होती. रेघ नुसत्या n वर आहे की n + n² या सगळ्यावर? म्हणजे

1/(√n + n²) की 1/√(n + n²)

पहिली असेल तर काम सोपं आहे. छेद n² पेक्षा मोठा, म्हणून पद 1/n² पेक्षा लहान, आणि Σ 1/n² अभिसारी. लहान श्रेणीही अभिसारी. संपलं.

दुसरी असेल तर मोठ्या n साठी √(n + n²) जवळजवळ n एवढंच असतं. म्हणजे ही श्रेणी Σ 1/n सारखी वागणार, आणि ती हरात्मक श्रेणी अपसारी. अंदाज बांधायची ही रीत कायम उपयोगी: अंशात आणि छेदात सगळ्यात वेगाने वाढणारं पद ठेवा, बाकीचं क्षणभर विसरा, n चा कुठला घात उरतो ते पाहा. 1/n^p मध्ये p एकपेक्षा मोठा असेल तर अभिसारी, 1 किंवा त्याहून कमी असेल तर अपसारी.

अंदाज झाला, सिद्धता राहिली. बहुतेक जण लिहितात: n + n² > n², म्हणून 1/√(n + n²) < 1/n, आणि Σ 1/n अपसारी, म्हणून ही श्रेणी अपसारी. निष्कर्ष खरा आहे, युक्तिवाद मात्र पोकळ. अपसारी श्रेणीपेक्षा लहान असण्याने काहीच ठरत नाही. 1/n² सुद्धा n = 2 पासून पुढे 1/n पेक्षा लहानच आहे, आणि त्याची श्रेणी अभिसारी आहे. अपसारी दाखवायचं तर आपलं पद कुठल्यातरी अपसारी श्रेणीच्या पदापेक्षा मोठं असायला हवं. म्हणून असमानता उलट्या बाजूने हवी, आणि ती मिळवायला छेद मुद्दाम मोठा करायचा:

n + n² < (n+1)², म्हणून 1/√(n + n²) > 1/(n+1)

Σ 1/(n+1) ही पहिलं पद काढून टाकलेली हरात्मक श्रेणीच. ती अपसारी, म्हणून आपलीही. असमानता सुचत नसेल तर सीमेची तुलना वापरा: आपलं पद भागिले 1/n म्हणजे n/√(n + n²), याची सीमा 1. सीमा शून्य नाही आणि अनंतही नाही, म्हणून दोन्ही श्रेणींचं नशीब सारखं. परीक्षेत मला हीच जास्त सुरक्षित वाटते, कारण दिशेची भानगड उरत नाही. पण कुठल्या श्रेणीशी तुलना केली आणि ती अभिसारी की अपसारी, हे शब्दात लिहा. नुसतं "तुलनेने सिद्ध" लिहिलं तर गुण कापले जातात, आणि रास्तच कापले जातात.

याच गणितावर कुणी गुणोत्तर कसोटी लावली तर काय होतं? n + n² चे n(n+1) असे अवयव पाडले की गुणोत्तर √(n/(n+2)) येतं. हे प्रत्येक n ला एकपेक्षा कमी आहे. इथे हमखास फसगत होते: "गुणोत्तर एकपेक्षा कमी, म्हणून अभिसारी." कसोटी पाहते ती गुणोत्तराची सीमा, आणि इथे ती बरोबर 1 आहे. सीमा 1 आली की गुणोत्तर कसोटी गप्प बसते. वरच्या 1/(√n + n²) साठीही सीमा 1 च येते, आणि ती श्रेणी अभिसारी आहे. एकाच सीमेवर दोन विरुद्ध निकाल, यावरून गप्प का बसावं लागतं ते कळतं. n चे नुसते घात आणि मुळं असतील तर सीमा नेहमी 1 येणार, म्हणून तिथे गुणोत्तर मांडायचे कष्टच घेऊ नका, सरळ तुलनेकडे जा.

ओघात आणखी एक: फोटोत पदाआधी (−1)^n असेल तर गुणोत्तर निरपेक्ष किमतींचं काढायचं. तुलना कसोटी मात्र धन पदांचीच, हे चिन्ह तिथे चालत नाही.

हे सगळं झाल्यावर त्या मुलीने विचारलं, "मग 2 आणि 3 च्या मधे, बरोबर e ठेवला तर?" चांगला प्रश्न आहे. Σ e^n · n!/n^n मध्ये गुणोत्तर e/(1 + 1/n)^n, सीमा 1, कसोटी गप्प. पण (1 + 1/n)^n हे वाढत वाढत e कडे जातं आणि कधीच e ला पोचत नाही. म्हणून प्रत्येक गुणोत्तर एकपेक्षा जास्त आहे. म्हणजे पदं पहिल्यापासून वाढतच जातात, पहिलंच पद e आहे, तेव्हा ती शून्याकडे जाऊच शकत नाहीत. पदं शून्याकडे जात नसतील तर श्रेणी अपसारी, त्याला वेगळी कसोटी लागत नाही.