तीन यंत्रं, सात कामं: ११ तासांवरून ९ तासांवर

एकसारखी तीन लेथ यंत्रं आणि ५, ५, ४, ४, ३, ३, ३ तासांची सात कामं; सगळी लवकरात लवकर संपवायची. मोठं काम आधी घेऊन, ज्या यंत्रावर सर्वांत कमी भार त्याला देत गेलो. सहा कामांनंतर तिन्ही यंत्रांवर ८-८ तास भरले आणि शेवटचं ३ तासांचं काम कुठेही टाकलं तरी ११ होणारच. ते पहिल्यावर टाकलं: (५,३,३), (५,३), (४,४).

खालची मर्यादा मात्र २७ ÷ ३ = ९. हा फरक दिसला की अदलाबदल करून पाहावी. पहिल्यावरचा ५ तिसऱ्याच्या ४ शी बदलला, १० झाले. मग पहिल्यावरचा ४ दुसऱ्याच्या ३ शी बदलला: (३,३,३), (५,४), (५,४). सगळीकडे ९, म्हणजे यापुढे सुधारणा शक्यच नाही.

‘मोठं काम आधी’ या नियमाला लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या जास्तीत जास्त ४/३ − १/(३m) पट असतो, ही हमी गणितज्ञ ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये सिद्ध केली; m म्हणजे यंत्रांची संख्या. तीन यंत्रांसाठी ती ११/९ येते, म्हणजे हे उदाहरण या नियमाची सर्वांत वाईट स्थिती.

फरक दिसला तरी दोष नेहमी नियमाचाच नसतो. तीन यंत्रांवर ६-६ तासांची चार कामं असतील तर सरासरी ८ सांगते, पण दोन कामं एकाच यंत्रावर येणारच, म्हणून १२. त्यासाठी उतरत्या क्रमातल्या तिसऱ्या आणि चौथ्या कामाची बेरीजही मर्यादेत धरावी.