बिल घेतलं? आता सीरियल नंबर जुळवा

लॅपटॉप, फोन, टीव्ही, फ्रीज यांपैकी काहीही घेणार असाल, तर बिलाची तयारी पैसे देण्याआधीच करायची असते. मागच्या खेपेला माझ्याकडून एकच गोष्ट राहिली आणि वॉरंटीचा क्लेम तिथेच अडला. बिलावरचा सीरियल नंबर वस्तूवरच्या नंबराशी मी जुळवला नव्हता. बाकी सगळं जागेवर होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही.

पक्कं बिल घ्या. एस्टिमेट, डिलिव्हरी चलन, कार्डाची पावती किंवा ऑर्डर मिळाल्याचा मेल म्हणजे बिल नव्हे. नाव, तारीख, मॉडेल तर बघालच. ऑनलाइन घेतलं असेल तर बिल विक्रेत्याच्या नावाने निघतं, ज्या साइटवर ऑर्डर दिली तिच्या नावाने निघेलच असं नाही. ते त्याच दिवशी डाउनलोड करून घ्या, कारण विक्रेता पुढे त्या साइटवर राहील याचा भरवसा नसतो.

आता सीरियल नंबर. खोक्यावर एकच बारकोड नसतो, तीन-चार असतात. त्यातला एक 13 किंवा 12 आकडी असतो, तो त्या मॉडेलचा. त्या मॉडेलच्या प्रत्येक खोक्यावर तो तसाच छापलेला असतो. दुसरा पार्ट नंबर, तोही सगळ्यांना सारखाच. फक्त तुमच्या वस्तूचा असा नंबर एकच, आणि त्याच्याजवळ S/N किंवा Serial No. असं लिहिलेलं असतं. काउंटरवरचा माणूस घाईत असतो. स्कॅनर ज्या बारकोडवर टेकेल तो नंबर बिलाच्या सीरियलच्या रकान्यात जाऊन बसतो आणि बिल अगदी व्यवस्थित दिसतं. माझ्या बिलावर असाच 13 आकडी नंबर होता. रकाना भरलेला दिसला म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. शेजारी त्याच मॉडेलचं दुसरं खोकं असेल तर त्यावर तो नंबर शोधा. तिथेही तोच सापडला, तर तो सीरियल नंबर नाही.

यामुळे नेमकं काय बिघडतं ते एका उदाहरणातून बघा. समजा लॅपटॉप जानेवारीत कारखान्यातून निघाला, दुकानात पडून राहिला आणि तुम्ही तो 10 जूनला घेतला. वॉरंटी 12 महिने, बिलाच्या तारखेपासून. म्हणजे पुढच्या वर्षीच्या 9 जूनपर्यंत. मार्चमध्ये स्क्रीन बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्याने लॅपटॉपचा सीरियल नंबर कंपनीच्या सिस्टिममध्ये टाकला, तर वॉरंटी संपलेली दिसली, कारण कंपनीकडे नोंद आहे ती माल निघाल्याच्या तारखेची. विक्रीची खरी तारीख तिला बिलावरूनच कळते. काही कंपन्या माल दुकानात पडून राहण्याचे थोडे महिने धरतात, पण त्यावर विसंबू नका. तुम्ही बिल पुढे केलंत. तारीख 10 जून, म्हणजे क्लेम मुदतीत आहे. पण बिलावरचा नंबर लॅपटॉपच्या नंबराशी जुळत नाही. मग समोरचा माणूस म्हणतो, हे बिल याच लॅपटॉपचं कशावरून? नियमाने त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याच मॉडेलचं कुणाचंही बिल आणून कुणीही क्लेम करू शकेल, म्हणून तर नंबर बघतात.

तेव्हा जुळवा. तीन ठिकाणचे नंबर जुळवा: वस्तूवरचा, खोक्यावरचा, बिलावरचा. फक्त खोकं आणि बिल जुळवून थांबू नका. डिस्प्लेला लावलेला किंवा एकदा परत आलेला नग दुसऱ्याच खोक्यात जाऊ शकतो. एकेक अक्षर मोठ्याने वाचा. हाताने लिहिलेल्या बिलावर O आणि 0, S आणि 5, B आणि 8 यांची अदलाबदल सर्रास होते. फोनवर *#06# डायल केलं की 15 आकडी IMEI दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, त्यातला एक तरी बिलावर हवाच. विंडोज लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

जो नंबर दिसेल तोच खालच्या स्टिकरवर आणि बिलावर असायला हवा. एका बिलावर सारखे दोन मॉनिटर घेतलेत, तर नग 2 आणि सीरियल नंबर एकच असं चालणार नाही, दोन्ही नंबर छापून घ्या. स्प्लिट एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे नंबर वेगळे असतात, तिथेही दोन्ही हवेत.

माल घरी येणार असेल तर जास्त सांभाळा. बिल आधी निघतं, खोकं नंतर गोदामातून उचललं जातं, आणि बिलावरचं खोकं तिथेच राहून शेजारचं गाडीत चढतं. डिलिव्हरीवाला दारात असतानाच खोक्यावरचा नंबर बिलाशी ताडा. टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी आणि एसीचं बाहेरचं युनिट बसवण्याआधी स्टिकरचा फोटो काढा. एकदा बसवल्यावर तो स्टिकर वाचायला पुन्हा कारागीर बोलवावा लागतो.

नंबर चुकलेला सापडला तर तिथल्या तिथे जुनं बिल रद्द करून नवं मागा. पेनने खोडून वर लिहिलेला नंबर घेऊ नका, खाडाखोड दिसली की सर्व्हिस सेंटर बिल नाकारू शकतं. महिने उलटल्यावर दुकानदाराचे हिशेब बंद झालेले असतात आणि तो बिल बदलून देत नाही. मग एकच वाट उरते. दुकानाच्या लेटरहेडवर बिल नंबर, तारीख, चुकून छापलेला नंबर आणि खरा नंबर लिहून सही-शिक्क्यानिशी पत्र घ्यायचं. ते पत्र कंपनी मानेलच असं नाही. म्हणून पुन्हा सांगते, काउंटर सोडण्याआधी जुळवा.

वॉरंटीची मुदत बिलावर लिहून घ्या. पूर्ण वस्तूची आणि कॉम्प्रेसर किंवा मोटरची मुदत वेगळी असेल तर दोन्ही वेगवेगळ्या लिहायला सांगा. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचा कागद वेगळा निघतो, त्यावरही सीरियल नंबर असतो, आणि तोही जुळवायचा.

गुळगुळीत कागदावरचं बिल थर्मल असतं. त्याची छपाई उष्णतेने उमटते, म्हणून ऊन आणि काळ दोन्हींनी ती उडते. प्लास्टिकच्या पाकिटातही ती फिकी पडते. लॅमिनेशन तर करूच नका, मशीनच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. घरी आल्या आल्या स्कॅन करा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा.

क्लेमला जाताना झेरॉक्स द्या, मूळ प्रत फक्त दाखवा. जॉब शीटवर सीरियल नंबर बघून मगच सही करा. मदरबोर्ड बदलला तर सिस्टिममध्ये दिसणारा नंबर बदलू शकतो किंवा रिकामा येऊ शकतो, जुनाच नंबर पुन्हा भरून द्यायला सांगा. अख्खी वस्तू बदलून मिळाली तर नंबर नवा आणि बिल जुन्या नंबराचं, म्हणून जुना नंबर, नवा नंबर आणि उरलेली मुदत लिहिलेला शिक्क्याचा कागद घेऊन बिलाला टाचून ठेवा.