कुटुंबासाठी वर्षभराचा भिंतीवरचा प्लॅनर : या चुका टाळा

भिंतीवर लावण्यासाठी वर्षभराचा प्लॅनर स्वतः तयार करणारे बहुतेक जण सुरुवात कागदाच्या आकारापासून करतात, आणि मूळ चूक तिथेच होते. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ए३ सहज मिळतो म्हणून ए३ ठरतो, त्यात बारा महिने बसवले जातात आणि उरलेल्या जागेत तारखांचे चौकोन पडतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरातले कोणी पेन घेऊन उभे राहते, तेव्हा कुठे लक्षात येते की त्या चौकोनात तारखेखेरीज काहीच मावत नाही.

आमच्या घरचा पहिला प्लॅनर असाच फसला. आडव्या ए३ कागदावर महिन्यांचे बारा छोटे तक्ते, चार उभ्या रांगांत तीन-तीन, असे मांडले होते. दिसायला ते नीटनेटके होते. पण समास, महिन्यांची नावे आणि वारांची ओळ वजा केल्यावर प्रत्येक तारखेला साधारण १३ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर उंच एवढीच जागा उरली होती. ‘पालकसभा’ हा शब्द ०.५ च्या जेल पेनने माझ्या अक्षरात २३ मिलिमीटर लांब होतो. आईचे अक्षर माझ्याहून मोठे आहे. मार्चपर्यंत त्या कागदावर केवळ गोल आणि फुल्या उरल्या, आणि कोणता गोल कशाचा हे ज्याने काढला त्यालाही सांगता येईना.

म्हणून क्रम उलटा करावा. घरातल्या ज्या व्यक्तीचे अक्षर सर्वांत मोठे आहे, तिच्याकडून नेहमीच्याच पेनने एका कोऱ्या कागदावर पाच-सहा नेहमीच्या नोंदी लिहून घ्याव्यात आणि पट्टीने मोजाव्यात. आमच्याकडे ‘पालकसभा’, ‘विमा हप्ता’, ‘सहामाही सुरू’, ‘आजी डोळे’ अशा नोंदी निघाल्या. एका ओळीला मात्रा, वेलांटी आणि उकारासकट ८ ते ९ मिलिमीटर उंची लागली आणि बहुतेक शब्द २४ मिलिमीटरच्या आत बसले. तारखेचा आकडा डाव्या कोपऱ्यात ६-७ मिलिमीटर घेतो, म्हणजे वर-खाली थोडी मोकळी जागा धरून चौकोन ३१ मिलिमीटर रुंद आणि १४ मिलिमीटर उंच हवा. इथे चौकोनाचा आकारही ठरून जातो. मराठी शब्द आडवा वाढतो, त्यामुळे उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेला चौकोनच कामाचा.

दुसरी चूक मांडणीच्या निवडीत होते. वर्ष एका नजरेत दाखवणाऱ्या ज्या मांडण्या तयार मिळतात, त्यांतल्या अनेकांमध्ये महिना ही आडवी ओळ असते आणि तारखा डावीकडून उजवीकडे जातात. या मांडणीत सुट्टी किंवा परीक्षेचा काळ आडव्या पट्टीने छान दाखवता येतो. पण आडव्या ए३ कागदावर प्रत्येक तारखेला जेमतेम १० ते १२ मिलिमीटर रुंदी मिळते, आणि ए२ घेतला तरी ती १७-१८ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. चौकोन उभा आणि चिंचोळा होतो, त्यामुळे शब्द मोडून दोन-तीन ओळींत लिहावे लागतात. जिथे नोंदी केवळ रंगाच्या पट्ट्यांनी होतात, त्या कार्यालयांत ही मांडणी चालते. घरात चालत नाही.

घरासाठी उलटी मांडणी घ्यावी, म्हणजे बारा महिन्यांचे बारा उभे रकाने करावेत आणि तारखा वरून खाली न्याव्यात. उभ्या ए२ कागदाची रुंदी ४२० मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर समास आणि डावीकडे वारांसाठी २४ मिलिमीटर सोडले की ३७२ उरतात, आणि त्याला बाराने भागले की नेमके ३१ मिलिमीटर येतात. मुंबईतल्या घरांत याचा आणखी एक फायदा आहे. फ्रिज आणि स्वयंपाकघराचे दार यांच्यामधला आमचा भिंतीचा पट्टा ४८ सेंटिमीटरचा आहे, त्यावर उभा ए२ बसतो, आडवा बसत नाही. कागद घेण्याआधी हा पट्टा मोजावा आणि दार पूर्ण उघडून पाहावे.

या मांडणीत तिसरी चूक हमखास होते : ३१ ओळी आखून १ तारीख प्रत्येक महिन्यात वरच्या ओळीत ठेवली जाते. मग प्रत्येक रकान्यात रविवार वेगळ्या उंचीवर येतो, आणि वार कळण्यासाठी प्रत्येक चौकोनात वाराचे अक्षर छापावे लागते. त्याऐवजी ओळी वारांना बांधाव्यात. डावीकडे सोमवार ते रविवार पुन्हा पुन्हा लिहावेत आणि महिन्याची १ तारीख ज्या वारी येते, त्या वाराच्या ओळीपासून तो रकाना सुरू करावा. अशाने रविवारांच्या सरळ आडव्या रेघा बनतात, आणि मेगाब्लॉक पाहून पाहुण्यांना बोलावणाऱ्या घरात वर्षभराचे रविवार एका रेषेत दिसणे फार सोयीचे असते. यासाठी जास्तीत जास्त ३७ ओळी लागतात, कारण ३१ दिवसांचा महिना रविवारी सुरू झाला तर वर सहा ओळी रिकाम्या राहतात. २०२७ चा ऑगस्ट नेमका तसा आहे. ज्याने ३५ ओळींवर भागवले, त्याच्या ऑगस्टमधून ३० आणि ३१ तारीख गळतील. कागदाच्या ५९४ मिलिमीटर उंचीतून समास आणि मथळ्यासाठी ६० वजा केले की ५३४ उरतात, म्हणजे प्रत्येक ओळीला १४.४ मिलिमीटर मिळतात.

तारखा हाताने भरू नयेत, कारण एक तारीख घसरली की खालचा अख्खा महिना घसरतो. स्प्रेडशीटमध्ये A1 या चौकोनात वर्ष लिहावे, दुसऱ्या ओळीत B पासून M पर्यंत महिन्यांची नावे द्यावीत, आणि पुढील सूत्र B3 मध्ये घालून M39 पर्यंत ओढावे :

```
=LET(m,COLUMN()-1,d,ROW()-1-WEEKDAY(DATE($A$1,m,1),2),IF(MONTH(DATE($A$1,m,d))=m,d,""))
```

पडताळणीसाठी २०२७ घातल्यावर जानेवारीची १ तारीख शुक्रवारच्या ओळीत आणि ३१ ऑगस्ट अगदी शेवटच्या, ३९ व्या ओळीत दिसली पाहिजे. सूत्रातली LET ही सोय एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत नाही, तिथे चूक दाखवली गेली तर गूगल शीट्स वापरावे. महिन्यांच्या नावांच्या ओळीची उंची मात्र सढळ ठेवावी. ती कमी पडली की ‘ऑक्टोबर’मधला चंद्र आणि ‘मार्च’वरचा रफार कापला जातो, आणि पडद्यावर हे सहसा नजरेत येत नाही.

आता सणांविषयी. गेल्या वर्षीच्या फाइलवरून सणांच्या तारखा उतरवणे ही चूक वरवर क्षुल्लक वाटते, पण तिचा फटका मोठा असतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आली. २०२७ मध्ये ती ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. २६ जानेवारी किंवा १ मे छापून टाकावेत, तिथीवरचे सण मात्र दरवर्षी पंचांग समोर ठेवून भरावेत.

याच उदाहरणात वर्षाच्या प्लॅनरचा खरा उपयोग दिसतो. चतुर्थीसाठी कोकणात जायचे आणि गाडी गुरुवारी, २ सप्टेंबरला पकडायची असे ठरले, तर रेल्वेच्या सध्याच्या ६० दिवसांच्या नियमाप्रमाणे आरक्षण ४ जुलैला उघडते. तो रविवार आहे. प्लॅनरवर केवळ २ सप्टेंबरला ‘गाव’ लिहिणारा माणूस जुलैचा रकाना पाहताना निश्चिंत असतो. प्रवासाची नोंद करतानाच ४ जुलैच्या चौकोनात ‘आरक्षण ८ वा.’ लिहिले पाहिजे. विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क आणि डॉक्टरांची पुढची वेळ याच जातीच्या नोंदी आहेत. दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख यांना नेहमीची दिनदर्शिका पुरते, त्या नोंदी इथे आल्या की महत्त्वाच्या तारखा त्यांच्या गर्दीत दिसेनाशा होतात. प्रत्येकासाठी वेगळा रंग ठरवण्याची हौस मी सोडून दिली, कारण हवे तेव्हा हवे ते पेन सापडत नाही. त्याऐवजी नोंदीआधी नावाचे पहिले अक्षर लिहावे.

छपाईत सर्वाधिक घोटाळा मापाचा होतो. ए४ ची लांबी आणि रुंदी ए२ च्या बरोबर निम्मी असते, म्हणून फाइल ए४ वर निम्म्या मापाने, म्हणजे १५.५ बाय ७.२ मिलिमीटरच्या चौकोनांनी तयार करावी आणि पीडीएफ करून प्लॉटर असलेल्या दुकानातून ए२ वर २०० टक्क्यांनी छापून घ्यावी. फाइलच्या एका कोपऱ्यात ५० मिलिमीटरची रेघ आखून ठेवावी, आणि छापून आल्यावर ती १०० भरते का ते दुकानातच मोजावे. ९६ किंवा ९७ भरली तर छापताना Fit निवडलेले असते, आणि मग ३१ चा चौकोन ३० चा होतो. दुकानात स्प्रेडशीटची मूळ फाइल देऊ नये. तिथल्या संगणकावर आपला देवनागरी फाँट नसला, तर जोडाक्षरे सुटतात आणि ओळींची उंचीही बदलते.

घरच्या ए४ प्रिंटरवर चार कागद जोडून ए२ करायचा असेल, तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये Poster हा पर्याय आहे. तिथे Tile Scale २०० ठेवले की चारऐवजी नऊ कागद निघतात, आणि त्यांतल्या काहींवर केवळ कडेची चिंचोळी पट्टी असते. याचे कारण असे की प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही. प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर कोरे राहिले आणि कागद एकमेकांवर ५ मिलिमीटर चढवले, तर दोन कागदांची मिळून छापता येणारी रुंदी ३९५ मिलिमीटर होते, म्हणजे २१० च्या १८८ टक्के. म्हणून Tile Scale १८५ ठेवावे. चौकोन २८.७ बाय १३.३ मिलिमीटर होतो, जो अजूनही लिहिण्याजोगा असतो. मात्र कागदांचा जोड जून आणि जुलै यांच्यामधल्या रेघेजवळच यावा, नाहीतर पेनची निब दर वेळी त्याच चौकोनात अडखळते.

कागद गुळगुळीत, चकाकणारा घेऊ नये, कारण त्यावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही आणि पेन्सिल तर उमटतच नाही. रविवारच्या ओळीचा करडा रंग फार गडद झाला की त्यावरचे लिखाण वाचायला अवघड जाते. साधा ८० जीएसएमचा कागद मुंबईच्या पावसाळ्यात लाटांसारखा फुगतो, आणि इंकजेटची शाई ओलसर भिंतीवर फुटते, म्हणून १३० जीएसएमच्या आसपासचा मॅट कागद आणि लेझर किंवा टोनरची छपाई घ्यावी. आमच्या फ्रिजशेजारच्या भिंतीला जुलैत ओल येते. तिथे आम्ही प्लॅनर थेट न चिकटवता पातळ सनबोर्डवर चार पिनांनी लावला आहे, आणि बोर्डाच्या मागे बाटलीची चार झाकणे चिकटवली आहेत, म्हणजे मधून हवा खेळते.