खाण्याच्या फोटोवर कोटी करताना या चुका टाळा

जवळच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर पदार्थाचा फोटो टाकायचा आणि खाली एक कोटी करायची, हे वरवर सोपं दिसतं. म्हणूनच लोक घाईत करतात. फोटो काढून होईपर्यंत ताट गार होत आलेलं असतं, मग जी पहिली ओळ सुचेल ती ठोकून मोकळे.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे दोन अर्थांपैकी एकाचं दार स्वतःच बंद करणं. आमच्या ग्रुपवर एका मित्राने मिक्सर विसरून पाट्यावर चटणी वाटली आणि जेवणाच्या ताटाचा फोटो टाकला. खाली ओळ: ‘आज बऱ्याच दिवसांनी मला काही वाटलं.’ पाच मिनिटांत एकीने विचारलं, ‘काय रे, बरा आहेस ना?’ दुसऱ्याने थेट फोन लावला. तिसऱ्याने ‘बोलावंसं वाटलं तर बोल, आम्ही आहोत’ असं लिहिलं. चटणीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही आणि हा बिचारा फोनवर पाट्या-वरवंट्याची कथा सांगत बसला.

दोष मित्रांचा नव्हता, ‘मला’ या शब्दाचा होता. मनाला जेव्हा काही वाटतं तेव्हा आपण ‘मला वाटलं’ म्हणतो, चटणी वाटतो तेव्हा ‘मी वाटलं’. ‘मला’ लिहिलं की पाटा-वरवंटा बाद झाला, ‘मी’ लिहिलं की मन बाद. दोन्ही गाळून नुसतं ‘आज बऱ्याच दिवसांनी काही वाटलं’ लिहिलं असतं, तर दोन्ही अर्थ जिवंत राहिले असते. तिथे ‘चटणी’ हा शब्दही आणायचा नाही, कारण तो आला की क्रियापद ‘वाटली’ होतं आणि लपलेलं सगळं उघडं पडतं. माझी सवय अशी की ओळ लिहून झाली की एकदा पहिला अर्थ धरून मोठ्याने वाचायची, मग दुसरा धरून. कुठेही व्याकरण अडखळलं तर सर्वनाम काढून बघायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

दुसरा दोष फोटोचा. ताटात चटणी कोपऱ्यात चमचाभर, बाकी भात आणि भाजी. वाटणाचा पाटा दिसला असता तर दुसरा अर्थ डोळ्यांनीच पुरवला असता. त्यात बऱ्याच फोनवर सूचनेत आधी ओळ दिसते, फोटो नंतर उघडला जातो. म्हणजे कोटीचा साधा अर्थ लोक आधी वाचतात आणि तो जर काळजीत टाकणारा असेल, तर चटणीपर्यंत कोणी पोचतच नाही. यासाठीच ‘मला फक्त यातच रस आहे’ ही ओळ रसाच्या ग्लासखाली छान बसते: नुसती वाचली तरी कोणी घाबरत नाही, ग्लास दिसला की हसू येतं. शिवाय तिथे ‘मला’ दोन्हीकडे चालतं.

मग येतात अवतरण चिन्हंवाले. आज ‘वाटलं’, यातच ‘रस’ आहे, पुढे हसून रडणारे तीन चेहरे, त्यावरही कंसात ‘कळलं का?’. ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं टवाळ्या केल्या त्यांना बोट दाखवून विनोद सांगायचा म्हणजे त्यांचा अपमानच. चिन्ह काढा.

‘कमाल केळी’ मला कोटी वाटत नाही. ‘ळ’ आणि ‘ल’ची अदलाबदल हे शुद्धलेखनातलं अपघातस्थळ आहे, आणि वाचणारा आधी टंकलेखनाची चूक समजतो.

चहाच्या कपाखाली ‘चहाता’ लिहिणं आता बंद करावं. नेटवरून उचललेली तयार ओळ जवळच्यांना लगेच ओळखू येते, कारण तुम्ही तसं बोलत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

घरी पहिला पाव चांगला फुगला तर ‘अखेर पावला!’ पुरे. त्यात ‘देवा’ आणू नका, यीस्टही आणू नका. नवशिके एका ओळीत तीन कोट्या कोंबतात आणि वाचणाऱ्याला पहिलीवर हसायलाही उसंत देत नाहीत.

करपलेल्या टोस्टवर ‘जळू नका रे’ झकास, पण टोस्ट स्वतःचा असला तरच. दुसऱ्याने बनवलेल्यावर नको, आणि कोणाच्या वजनावर तर अजिबात नको.

एवढं करूनही कोणी ‘म्हणजे?’ विचारलंच, तर मी उलगडून सांगत बसत नाही. पाट्याचा, ग्लासाचा किंवा जे काही असेल त्याचा जवळून काढलेला दुसरा फोटो टाकते, खाली एक अक्षर न लिहिता. त्यावरही दुसरा ‘म्हणजे?’ आला तर ओळ पुसून टाकते आणि कृती विचारणाऱ्यांना कृती देते.